शरीर स्वतःच्याच सांध्यांवर का उठतं? आमवाताच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो, त्याचं निदान सांगितलं की बहुतेक रुग्ण औषधांचं नंतर विचारतात. आधी विचारतात, "पण का?" ऑटोइम्यून आजार ऐंशीच्या वर आहेत आणि प्रत्येकाचं 'का' थोडं वेगळं आहे. सगळ्यांचं एका दमात सांगायला गेलं की कशाचंच धड सांगून होत नाही. म्हणून इथे आमवातापुरतंच बोलतो. या आजारात गडबड कुठे सुरू होते आणि सांध्यापर्यंत कशी पोचते, हे बरंचसं उलगडलेलं आहे.

उदाहरणाला माझे एक रुग्ण घेतो. वय ४६, छापखान्यात काम, वीस वर्षांची सिगारेट, आईला आमवात. दोन महिन्यांपासून सकाळी उठल्यावर मूठ वळेना. नळ फिरवायला दोन्ही तळवे लावावे लागत आणि हात मोकळे व्हायला दोन तास जात. अंगठी बोटात अडकून बसलेली. मी त्यांचा पंजा चारही बोटांच्या मुळाशी आडवा धरून हलकेच दाबला, तर त्यांनी हात झटकन मागे घेतला. रक्तात आमवातासाठी तपासतात ती दोन प्रतिपिंडं, म्हणजे परक्या वाटलेल्या गोष्टीला चिकटायला शरीर बनवतं ती प्रथिनं, वाढलेली: अँटी-सीसीपी २०० च्या वर (२० पर्यंत नॉर्मल), आरए फॅक्टर ८६. दाह किती आहे हे सांगणारं सीआरपी २८. एक्स-रे मात्र स्वच्छ. खालचे बरेचसे प्रश्न त्यांचेच आहेत.

माझं शरीर माझ्यावरच का उलटलं?

थोडक्यात सांगायचं तर तुमच्या शरीरातली काही प्रथिनं बदलली, आणि तुमच्या प्रतिकार यंत्रणेला ती ओळखू आली नाहीत. ओळखीची नाहीत म्हणून तिने ती परकी धरली, आणि परक्याचं जे करायचं ते केलं.

'शरीर वैरी झालं', 'यंत्रणेला वेड लागलं' ही भाषा मला पटत नाही. ती ऐकून माणूस उगाच स्वतःच्या शरीराला घाबरतो. यंत्रणा तिच्या नियमानेच चालली आहे. चूक झाली ती ओळख पटवण्यात, आणि ती चूक वेळीच थांबवणारे लगाम एकामागून एक सुटण्यात.

आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे या पेशींना कळतं कसं?

जन्मतः कळत नाही. त्यांना ते शिकवावं लागतं, आणि या आजाराचं मूळ त्या शिकवणीच्या मर्यादेत आहे.

टी पेशी या पांढऱ्या पेशींतल्या पारखी पेशी. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्याला चिकटणारा रेणू असतो, आणि त्याचा आकार ठरतो निव्वळ योगायोगाने. पेशी आपल्या जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसते आणि जो डाव येईल तो ग्राहक बनवते. असं का? उद्या कोणता जंतू येणार हे आज ठाऊक नसतं, म्हणून शरीर हर तऱ्हेचे आकार तयार ठेवतं. पण आकार असे आंधळेपणाने बनवले की त्यांत आपल्याच इन्सुलिनला किंवा आपल्याच कूर्चेला चिकटणारे आकारही येणारच. म्हणजे स्वतःविरुद्धच्या पेशी रोज तयार होतात, आणि त्या सगळ्यांच्याच शरीरात होतात.

त्या गाळण्यासाठी छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे दोन परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेत, समोर धरून दाखवलेला प्रथिनाचा तुकडा पेशीला वाचता तरी येतो का, ते पाहतात. ज्यांना येत नाही त्या मरतात. दुसऱ्या परीक्षेत शरीराचीच प्रथिनं दाखवली जातात, आणि जी पेशी त्यांना घट्ट चिकटेल ती बाद होते. थायमसमध्ये बसून डोळ्यातलं किंवा स्वादुपिंडातलं प्रथिन दाखवणार कसं? तर एअर नावाचं एक जनुक थायमसच्या पेशींना दूरदूरच्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी बनवायला लावतं. मला हा भाग अजूनही थक्क करतो. आत शिरलेल्या शंभर पेशींपैकी पाचसुद्धा उत्तीर्ण होऊन बाहेर पडत नाहीत.

या परीक्षेत दोन उणिवा राहतात. स्वतःच्या प्रथिनाला अगदी सैल चिकटणाऱ्या पेशी निसटतात, कारण चाळणी फार बारीक केली तर जंतूंशी लढायलाही कोणी उरणार नाही. आणि परीक्षेला जी प्रथिनं असतात ती मूळ रूपातली असतात. तीच पुढे एखाद्या अवयवात बदलली, तर ते बदललेलं रूप या पेशींनी कधी पाहिलेलंच नसतं. तुमच्या आजारात ही दुसरी उणीव मोठी ठरते.

म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगातही अशा पेशी असतात?

असतात. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचून पाहिलं. शेळ्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवत, स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध मात्र नाही. यावरून त्याने म्हटलं की शरीराला आत्मविषाची मुळातच भीती असते. ते वाक्य एवढं गाजलं की शरीर स्वतःवर उलटू शकतं हे मान्य व्हायला पुढे अनेक दशकं गेली. आज आपल्याला ठाऊक आहे की स्वतःविरुद्धच्या पेशी असतातच, फक्त त्यांना लगाम घातलेला असतो.

एक लगाम असा, की टी पेशीला नुसती ओळख पटून चालत नाही. 'इथे खरोखर धोका आहे' असा दुसरा इशाराही लागतो. तो मिळाला नाही तर ती सुस्तावते. दुसरा लगाम म्हणजे नियामक टी पेशी. बाकीच्यांना आवरणं हेच यांचं काम. या पेशी जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या, आणि त्यांचं सूत्रधार जनुक अमेरिकेतल्या मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना सापडलं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

लगाम सुटले की काय होतं, ते कॅन्सरच्या काही नव्या औषधांनी दाखवलं. ही औषधं मुद्दामच टी पेशींचे ब्रेक काढतात, म्हणजे त्या गाठीवर तुटून पडतील. त्यांतल्या काही रुग्णांना मग थायरॉइडचा, आतड्याचा किंवा सांध्यांचा दाह सुरू होतो. पेशी आधीपासून तिथे होत्याच.

मग माझ्या बाबतीत नेमकं काय बदललं?

इथे जरा सावकाश वाचा.

प्रथिनं अमिनो आम्लांच्या माळेने बनतात. त्यांतल्या आर्जिनिन नावाच्या मण्याच्या टोकाला धन विद्युतभार असतो. शरीरात एक एन्झाइम आहे, जे आर्जिनिनचं सिट्रुलिन करतं. मणी जवळपास तोच राहतो, फक्त टोकावरचा भार जातो. त्या भाराच्या ओढीने प्रथिनाची जी घडी बसलेली असते ती सैल पडते. ही क्रिया वाईट नाही. त्वचेत ती रोज होते. पण जिथे दाह असतो तिथे ती भलतीच वाढते. सिगारेटच्या धुराने फुफ्फुसात ती वाढते. हिरड्यांचा जुनाट आजार करणाऱ्या एका जिवाणूकडे तर असलंच स्वतःचं एन्झाइम आहे.

आता आनुवंशिक भाग. प्रथिनाचा तुकडा टी पेशीला दाखवायचा तर तो एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवावा लागतो. ही खाच प्रत्येकाची थोडी वेगळी, आईवडिलांकडून आलेली. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत या खाचेतला एक खळगा स्वतःच धनभारित असतो. भार असलेलं आर्जिनिन तिथे बसू पाहतं तेव्हा दोन धन भार एकमेकांना ढकलतात आणि तुकडा नीट बसत नाही. भार गेलेलं सिट्रुलिन मात्र तिथे चपखल बसतं. म्हणजे तुमच्या खाचेला मूळ प्रथिन धरता येत नव्हतं, बदललेलं धरता येतं. ते टी पेशीसमोर ठेवलं जातं, आणि टी पेशीने ते थायमसमध्ये पाहिलेलं नसतं.

त्यात फुफ्फुस धुराने सुजलेलं असेल, तर 'धोका आहे' हा दुसरा इशाराही जागेवरच मिळतो. जागी झालेली टी पेशी बी पेशीला मदत करते, आणि बी पेशी सिट्रुलिनविरुद्ध प्रतिपिंडं सोडू लागते. तुमच्या रिपोर्टवरचं अँटी-सीसीपी ते हेच.

धूर आणि खाच वेगवेगळे किती धोक्याचे आणि एकत्र किती, हे स्वीडनमधल्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. जी माणसं सिगारेट ओढत नव्हती आणि ज्यांच्यात ही खाचही नव्हती, त्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या आणि आई-वडील दोघांकडूनही अशी खाच मिळालेल्या माणसांत अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका सुमारे एकवीसपट निघाला.

सुरुवात फुफ्फुसात झाली, तर दुखतात बोटं का?

सांध्याच्या आतल्या अस्तराला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी सांध्यात ते एकदोन पेशींइतकं पातळ असतं. किरकोळ मार लागला, विषाणूचा ताप आला की तिथे थोडा दाह होतो, पांढऱ्या पेशी येतात, आणि त्या येताना तेच सिट्रुलिन बनवणारं एन्झाइम सोबत आणतात. तुमच्या-माझ्या आयुष्यात हे कितीदा होतं, आणि चार दिवसांत निवतं. पण ज्याच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच फिरत आहेत, त्याच्या सांध्यात त्यांना धरायला आयतं सिट्रुलिन मिळतं. ती चिकटली की दाह वाढतो, दाहाने आणखी सिट्रुलिन तयार होतं, त्याला आणखी प्रतिपिंडं चिकटतात. जे निवायला हवं होतं ते धुमसत राहतं.

अस्तर मग जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. सोनोग्राफीत त्या तांबड्या ठिपक्यांसारख्या दिसतात. माझ्या त्या रुग्णाच्या बोटांच्या मुळाशी हे ठिपके स्पष्ट होते, आणि एक्स-रे मात्र कोरा. एक्स-रेत दिसतं ते हाड, आणि हाड अजून शाबूत होतं. हेच जाड अस्तर पुढे कूर्चेवर पसरतं आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना जागं करतं. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही. म्हणून 'एक्स-रे तर चांगला आहे, थोडं थांबून पाहू' याला मी तयार होत नाही.

मला तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता. त्यानेच हे झालं ना?

ताप हे शेवटचं निमित्त असू शकतं, पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आमवाताच्या अशा रुग्णांचे जुने नमुने तपासले, ज्यांनी आजारापूर्वी रक्तदान केलेलं होतं. जवळपास निम्म्यांच्या जुन्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, आणि ती दुखणं सुरू होण्याच्या आधी, साधारण साडेचार वर्षांपासून होती. काहींच्यात तर दहा वर्षांहून आधीची. तेव्हा या माणसांचं काहीही दुखत नव्हतं.

या वर्षांत प्रतिपिंडं वाढत आणि पसरत जातात. आधी एका बदललेल्या प्रथिनाविरुद्ध, मग दुसऱ्या, तिसऱ्या. म्हणून रुग्ण जेव्हा 'मी त्या महिन्यात काय चुकीचं खाल्लं, कुठे गार वाऱ्यात बसलो' असं आठवत बसतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. त्या महिन्यात शोधून काही हाती लागणार नाही.

माझी प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून झालं का? ती वाढवायचं काही घेऊ का?

नाही, आणि कृपया घेऊ नका. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की पातळी खाली गेली म्हणून आजार झाला आणि वर आणली की बरा झाला. तुमच्यात एक विशिष्ट प्रतिसाद भलत्या ठिकाणी जोरात चालू आहे. 'शक्ती वाढवतो' म्हणून विकलं जाणारं काही खरोखर पेशींना चेतवत असेल, तर तुम्हाला ते नको आहे. आणि चेतवत नसेल तर पैसे वाया.

हा आजार दुसऱ्याला लागतो का?

नाही.

आईला होता, मला झाला. आता माझ्या मुलीला होणार का?

बहुधा नाही. सख्ख्या नात्यात धोका काही पटींनी वाढतो हे खरं, पण मूळ प्रमाणच शंभरात एक किंवा त्याहून कमी असल्यामुळे पटीत वाढूनही ते लहानच राहतं. जुळ्यांचं पाहा. एकाच बीजाच्या जुळ्यांत जनुकं सारखीच असतात, तरी एकाला आमवात झाल्यावर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपास आहे. खाच वारशाने येते, आजार वारशाने येत नाही. निरोगी मुलांची एचएलए तपासणी करून हाती काही पडत नाही. मुलीला सिगारेटपासून लांब ठेवा, आणि तिला कधी सकाळी तासतासभर बोटं आखडण्याचा त्रास झाला तर महिनोन्‌महिने अंगावर काढू देऊ नका.

अँटी-सीसीपी २०० आहे. पुढच्या महिन्यात ते किती उतरायला हवं?

हा आकडा परत परत तपासू नका. तो आजार ओळखायला उपयोगी पडतो, मोजायला नाही. आमवात नसलेल्या शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांत तो निगेटिव्ह असतो, म्हणून लक्षणांसोबत तो पॉझिटिव्ह आला की आम्हाला खात्री वाटते. आरए फॅक्टर इतका भरवशाचा नाही. तो हेपॅटायटिस सी, क्षयरोग आणि नुसत्या उतारवयातही पॉझिटिव्ह येतो. आजार आज किती पेटला आहे हे कळतं सुजलेल्या सांध्यांच्या संख्येवरून, सीआरपीवरून आणि सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो त्यावरून.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. आमवाताच्या साधारण चौथाई रुग्णांत ही दोन्ही प्रतिपिंडं सापडत नाहीत. सिट्रुलिनची ही कहाणी त्यांना जशीच्या तशी लागू नाही. निदान मात्र सांध्यांवरून होतं, आणि उपचार बरेचसे तेच.

औषधं यातल्या कोणत्या पायरीवर काम करतात?

मेथोट्रेक्सेट चेतलेल्या पेशींचा एकंदर जोर उतरवतं. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात 'गुण नाही' म्हणून सोडू नका. आणि ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी घसरून जीव धोक्यात आलेली माणसं मी पाहिली आहेत. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वेगळ्या दिवशी घ्या. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करा.

तेवढ्याने भागलं नाही तर नेम धरून मारा करणारी औषधं आहेत. सांध्यातल्या पेशी एकमेकींना ज्या निरोपांनी चेतवतात त्यांतला एक मोठा निरोप म्हणजे टीएनएफ. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये तो अडवणारं औषध आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि आजार उतरला. पण हाच निरोप शरीर क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही वापरतं. तो अडवला की वर्षानुवर्षं निपचित पडलेले जंतू उठू शकतात. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करायला सांगतात. ती टाळू नका. रिटुक्सिमॅब बी पेशींनाच काढून टाकतं, तर ॲबाटासेप्ट टी पेशीला मिळणारा तो दुसरा इशारा रोखतं.

सिगारेट आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते झालंच.

छापखान्यातल्या गृहस्थांनी हे जरा रागानेच विचारलं होतं. बनलेली प्रतिपिंडं सिगारेट सोडल्याने निघून जात नाहीत, हे मी त्यांना तसंच सांगितलं. पण ओढणाऱ्यांना मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफची औषधं कमी लागू पडतात. शिवाय आमवातात हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यावर हा भार कशाला?

सहा महिने झाले, काहीच दुखत नाही. औषध थांबवू?

हाही त्यांचाच प्रश्न. अंगठी आता सहज निघत होती, पंजा दाबला तर ते हसले, सीआरपी ३ वर आलं होतं. सिगारेट दिवसाला दोनवर. माझ्या नको म्हणण्याला न जुमानता त्यांनी अँटी-सीसीपी पुन्हा करून आणलं होतं. ते अजूनही २०० च्या वरच होतं.

मी त्यांना तोच कागद दाखवला. दाह विझला आहे, पण शिकलेल्या पेशी विसरलेल्या नाहीत. स्मृती धरणाऱ्या टी आणि बी पेशी वर्षानुवर्षं टिकतात, आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून बसतात. त्यांना ही एकच आठवण पुसायला लावणारं औषध आजमितीला रोजच्या वापरात नाही. त्यामुळे औषध एकदम बंद केलं की बऱ्याच जणांचा आजार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत उठतो. बराच काळ शांतता टिकली तर मात्रा हळूहळू कमी करून पाहता येते, दर पायरीला सांधे तपासत.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मग मंगळवारची गोळी चालूच?" चालूच, म्हटलं.